कर्जाच्या कागदावरील दंडाची बेरीज



आपल्या भागातील पुष्कळ माणसे मुंबईला साकीनाक्याच्या बाजूला कामाला आहेत. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि खैरानी रोड या भागात लहान लहान गाळे आहेत. कुठे शिलाई, कुठे लेथ मशीन, कुठे पॅकिंग. तिथला माणूस दुचाकी घेतो, मोबाईल घेतो, नाहीतर घरच्या कार्यासाठी पैसे उचलतो. कर्ज घेताना हप्ता किती हे तो विचारतो. पण हप्ता चुकला तर किती पडेल, हे विचारायचे राहून जाते. आज आपण तेवढाच एक हिशेब करू.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे शिकण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या कागदावर ते निराळे असतील, पण रीत हीच.

समजा, शिलाईच्या गाळ्यातील एका कामगाराने कर्जावर दुचाकी घेतली. हप्ता ३,५०० रुपये. दर महिन्याच्या ५ तारखेला तो त्याच्या बँकेच्या खात्यातून आपोआप कापला जातो. गाळ्याचा पगार मात्र होतो १० तारखेला. एरवी मागल्या महिन्याचे काही शिल्लक असते, म्हणून निभते. पण जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत खाते रिकामे होते. हप्ता परत गेला. पगार होताच १२ तारखेला त्याने हप्ता नेऊन भरला. त्याला वाटले, "सात दिवसच उशीर झाला, काय मोठंसं!"

आता कागद बघू. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे किंवा बँकेकडे जाऊन "कर्जखात्याचं स्टेटमेंट द्या" असे म्हणावे. त्यात तारीख, तपशील, नावे, जमा आणि बाकी असे रकाने असतात. नावे म्हणजे आपल्यावर चढवलेली रक्कम. जमा म्हणजे आपण भरलेली रक्कम. आपण तपशिलाचा रकाना बोट ठेवून वरून खाली वाचायचा. जिथे 'बाउन्स चार्ज', 'लेट फी', 'पीनल चार्ज' किंवा 'दंड' असे शब्द येतील, तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची. हप्ता आणि नेहमीचे व्याज यांना खूण करायची नाही. ते कर्ज घेतले म्हणून द्यावेच लागते. खुणा फक्त उशिरामुळे पडलेल्या रकमांना.

आपल्या कामगाराच्या कागदावर अशा खुणा दोन प्रकारच्या निघाल्या.

पहिला प्रकार बाउन्स चार्जचा. हप्ता परत गेला की दर खेपेस ४५० रुपये. जूनमध्ये एक खेप आणि ऑक्टोबरमध्ये एक खेप. ऑगस्टमध्ये मात्र कंपनीने ५ तारखेला मागणी पाठवली, ती परत गेली, म्हणून ८ तारखेला पुन्हा पाठवली. पगार तर १० तारखेचा! तीही परत गेली. म्हणजे महिने तीन, पण खेपा चार. चार वेळा ४५०, म्हणजे १,८०० रुपये.

दुसरा प्रकार उशिराच्या दिवसांवरील दंडाचा. दर वर्षाला शेकडा २४. हा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून बघा. ३,५०० रुपयांवर वर्षाचे ८४० रुपये होतात. ८४० ला ३६५ ने भागले की दिवसाचे सुमारे २ रुपये ३० पैसे. सात दिवसांचे झाले १६ रुपये. तीन महिन्यांचे ४८.

इथे पुष्कळ लोक बेरीज थांबवतात. पण एक कागद अजून राहिला आहे, तो म्हणजे आपल्या बचत खात्याचे पासबुक. हप्ता परत गेला की आपली बँकसुद्धा वेगळा आकार कापते, आणि तो कर्जाच्या स्टेटमेंटवर कधीच दिसत नाही. उदाहरणात बँकेने दर खेपेस २५० रुपये आणि त्यावर कर ४५, असे २९५ कापले. चार खेपांचे १,१८० रुपये.

आता बेरीज मांडू.

कंपनीचा बाउन्स चार्ज : १,८०० रुपये
उशिराच्या दिवसांचा दंड : ४८ रुपये
बँकेने कापलेला आकार : १,१८० रुपये
एकूण : ३,०२८ रुपये

जवळजवळ एक हप्ता गेला. त्यातले दिवसांच्या उशिराचे फक्त ४८. बाकी २,९८० रुपये 'परत गेला' या एका गोष्टीचे. म्हणून सात दिवसांचे तीन दिवस केले तरी फारसे वाचत नाही. मागणी येईल त्या दिवशी खात्यात पैसे असले, तरच वाचते.

खरे कारण तारखेत आहे. पगार १० चा आणि हप्ता ५ चा. तेव्हा कंपनीला लेखी अर्ज द्यावा की हप्ता १५ तारखेला करावा. कंपनी मान्य करीलच असे नाही. केल्यास मधल्या दहा दिवसांचे व्याज किंवा थोडी फी मागेल. ती एकदाच द्यायची असते, आणि वरच्या ३,०२८ शी ताडून बघावी. अर्ज मान्य झाला नाही, तर १० तारखेच्या पगारातूनच पुढल्या ५ तारखेचे ३,५०० त्या खात्यात ठेवून द्यावेत आणि त्यांना हात लावू नये. हप्ता परत गेलाच, तर त्याच दिवशी कंपनीला विचारावे, "पुन्हा मागणी कधी पाठवणार?" पगाराआधीची तारीख सांगितली तर पुढची मागून घ्यावी. ऑगस्टमध्ये एवढे केले असते, तर ४५० आणि २९५ मिळून ७४५ रुपये वाचले असते.

आता लागू नये असा दंड कसा ओळखावा? रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँका आणि कर्जकंपन्यांना नियम घालून दिला. हप्ता चुकल्याचा दंड व्याजाच्या दरात मिसळायचा नाही, तो वेगळा दाखवायचा, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावायचे नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना हा नियम लागू झाला. जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंतची मुदत होती. थकलेल्या हप्त्यावर नेहमीच्या दराने व्याज मात्र चालू राहू शकते. ते या नियमाने थांबत नाही.

आपल्या उदाहरणात सात दिवसांचा दंड १६ रुपये येतो. कागदावर १८ दिसले, तर समजावे की ३,५०० मध्ये आधीचा दंड मिळवून आकारणी झालेली असू शकते. दोन रुपये लहान आहेत, पण पद्धत चुकीची आहे. "किती रकमेवर, किती दिवसांचा, कोणत्या दराने?" असे तीन प्रश्न लिहून विचारावेत. दर आणि बाउन्स चार्ज करारपत्रात लिहिलेले असतात. करारापेक्षा जास्त लावले असेल, तर त्या ओळीची तारीख आणि रक्कम अर्जात लिहावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बँका व मोठ्या कर्जकंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी फोन १४४४८. गावची पतसंस्था मात्र यात येत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहकार निबंधक कार्यालयात करावी लागते.

आता एक हिशेब घरी करा. हप्ता दोनदा परत गेला. दर खेपेस कंपनीने बाउन्स चार्ज ५०० आणि दंड १३ रुपये लावला. बँकेने दर खेपेस २३६ रुपये कापले. एकूण किती? उत्तर १,४९८ आले, तर तुमची बेरीज बरोबर आहे. मग आपले स्वतःचे स्टेटमेंट आणि पासबुक शेजारी शेजारी मांडा, आणि लाल पेन्सील घ्या.