रुपया नाही, सेल होता: लेकराने बटन सेल गिळला तर दवाखान्यापर्यंतचा वेळ कसा वापरायचा

इअरफोन कानात असतील, कोणी बसमध्ये असाल, कोणी पोळ्या लाटत असाल. आजचा एपिसोड घरात एक ते चार वर्षांचं लेकरू असणाऱ्यांसाठी आहे. तुमचं नसेल तर बहिणीचं, शेजारच्या वहिनीचं असेलच.

मी नागपुरात मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. माहेर जामचं. हो, तेच जाम, नागपूर-हैदराबाद हायवेवरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो ते. गाव लहान, चौक मोठा. ट्रक, ढाबे, आणि दिवाळीत रस्त्याच्या कडेला लायटिंगच्या वस्तूंची दुकानं. अशाच एका दुकानातून माझ्या भावाने मागच्या दिवाळीत सेलवर चालणाऱ्या आठ पणत्या आणल्या. प्लास्टिकच्या, खाली बटन, पिवळी ज्योत लुकलुकते त्या.

भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला वहिनीचा फोन. "ताई, पोरगी लाळ गाळून राहिली, भात तोंडात घेते अन् थुंकते. दात येत असतील का?" भाची तेव्हा सोळा महिन्यांची. ताप नाही, सर्दी नाही, अर्ध्या तासापूर्वी खेळत होती. मी विचारलं, "कशाशी खेळत होती?" वहिनी म्हणाली, पणत्यांशी. मी म्हटलं, सगळ्या पणत्या उलट्या करून बघ. सात पणत्यांची खालची झाकणं जागेवर होती. आठवीचं झाकण निघालेलं, आणि आत सेल नव्हता.

घशात काही अडकलं म्हणजे खोकला येईल, लेकरू काळंनिळं पडेल असं आपल्याला वाटतं. तसं होतं ते श्वासनलिकेत गेलं तर. हा सेल अन्ननलिकेत अडकतो. श्वास नीट चालू असतो, लेकरू रडतं, हसतंसुद्धा. दिसतं काय, तर लाळ, खाणं नाकारणं, कधी उलटी, कधी आवाज बसणं. आणि कधी कधी काहीच नाही. म्हणून सेल गायब असेल आणि तो कुठे गेला हे सांगता येत नसेल, तर लेकराने गिळला असंच धरून निघायचं.

आता हा सेल करतो काय, ते सांगते. बहुतेकांना वाटतं, तो फुटतो आणि आतलं ॲसिड बाहेर येतं. तसं व्हावंच लागत नाही. पणतीतला सेल बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो. म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. वजनकाट्यात आणि गाडीच्या किल्लीतही हाच सापडतो. हा ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो, आणि ओली त्वचा दोन्ही बाजूंनी चिकटली की सर्किट पूर्ण होतं. वीज वाहायला लागते. त्या विजेने तिथलं पाणी फुटतं आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो. तो मांस विरघळवतो. दोन तासांत खोल भाजू शकतं, आणि सुरुवात त्याच्याही खूप आधी होते.

आणि "पणती तर बंदच पडली होती, सेल संपलेला होता" हा दिलासा खोटा आहे. पणती पेटायला जेवढा दाब लागतो, त्यापेक्षा कमी दाबावरही हे भाजणं होतं.

तर साडेसातला आमच्या घरी काय चाललं होतं? आई म्हणत होती, केळं खाऊ घाला, शौचावाटे निघून जाईल. भाऊ म्हणत होता, घशात बोट घालून ओकवू. दोघांचंही प्रेमच, पण दोन्ही चूक. केळं सेलला पुढे ढकलत नाही, उलट वर अडकून बसतं आणि बेशुद्ध करून काढताना अडचण होते. ओकवल्याने सेल सुटत नाही, आणि सुटलाच तर श्वासनलिकेत जाऊ शकतो.

मी विचारलं, घरात मध आहे का? होता. मधाची गोष्ट ही घरगुती टोटका नाही, नीट ऐका. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की मध आणि सुक्राल्फेट नावाचं औषध सेलवर थर धरतात, क्षार कमी करतात, आणि जखम कमी खोल होते. तिथल्या विषबाधा केंद्राच्या सूचनेत आता हे आहे: मूल बारा महिन्यांपेक्षा मोठं असेल, सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल गिळू शकत असेल, तर १० मिलिलिटर म्हणजे दोन छोटे चमचे मध दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो. आणि मधासाठी थांबायचं नाही. घरात असेल तर उचला आणि गाडीत बसा. दुकानात आणायला जाऊ नका. मधाने सेल निघत नाही, फक्त थोडा वेळ मिळतो. मधाशिवाय दुसरं काही नाही, पाणी नाही, दूध नाही.

वहिनीने गाडीत बसूनच पहिला डोस दिला. भाची गिळत होती म्हणून दिला. लाळ इतकी की गिळवतच नाही, किंवा उलटीत रक्त आहे, असं असतं तर मी नको म्हटलं असतं.

पहिल्यांदा ते जवळच्याच एका दवाखान्यात गेले. एक्स-रे काढायला जवळच जाणं बरोबर होतं. तिथे फिल्म बघून सांगितलं, "रुपया गिळला आहे, पोटात उतरला की शौचातून जाईल, उद्या या." भावाला जीवात जीव आल्यासारखं झालं. मी म्हटलं, फिल्मचा फोटो पाठव.

फोटो आला. छातीच्या वरच्या भागात, गळ्याच्या जरा खाली, गोल पांढरी चकती. मोठी करून पाहिली. काठाच्या आत आणखी एक फिकट गोल रेघ होती, जणू गोलात गोल. नाणं सगळीकडे एकसारखं पांढरं दिसतं. सेल दोन भागांचा असतो, झाकण आणि डबी, म्हणून त्याला दुहेरी कडा दिसते. बाजूने काढलेल्या एक्स-रेत एका बाजूला पायरी दिसते. ही खूण लक्षात ठेवा. डॉक्टरांशी भांडण्यासाठी नाही, तर "सर, ही दुहेरी कडा आहे का?" एवढं विचारण्यासाठी. आणि रिकामी पणती सोबत न्या, आतल्या जागेच्या मापावरून सेल ओळखू येतो. आमच्या लोकांनी ती घरीच ठेवली होती, ती माझी चूक, मी सांगायला विसरले.

मग प्रश्न, जायचं कुठे? एक्स-रे अनेक ठिकाणी होतो, पण लहान मुलाला बेशुद्ध करून दुर्बिणीने सेल काढणारी टीम रात्री सगळीकडे नसते. जामहून हिंगणघाट जवळ, सेवाग्राम आणि सावंगीला मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, दुसऱ्या दिशेला नागपूर. अंतर मोजण्याआधी फोन करायचा, आणि एकच वाक्य बोलायचं: "सोळा महिन्यांचं मूल, अन्ननलिकेत बटन सेल, तुमच्याकडे आत्ता एंडोस्कोपी आणि भूल देणारे डॉक्टर आहेत का?" 'काहीतरी गिळलं' म्हटलं की रांगेत बसवतात. 'अन्ननलिकेत बटन सेल' म्हटलं की धावपळ होते. गाडी नसेल तर १०८ ला हेच वाक्य. मी माझ्या ओळखीच्या टीमला फोन केला, ते तयार राहिले, गाडी निघाली. वाटेत मधाचे सहा डोस पूर्ण झाले, मग बंद.

सव्वादहाला सेल बाहेर निघाला. म्हणजे गिळून तीन तास उलटले होते. सेलची एक बाजू काळी पडलेली. अन्ननलिकेवर तशीच काळपट जखम. सहा दिवस नाकातून नळीने दूध. दीड महिन्याने वरण-भात अडकायला लागला, कारण जखम भरताना नळी आखडली होती. दोनदा भूल देऊन ती रुंद करावी लागली. आता भाची पोळी खाते, पण तुकडे बारीक.

सेल निघाला म्हणजे संपलं असं नसतं, हे मला आवर्जून सांगायचंय. अन्ननलिकेच्या अगदी जवळून शरीराची मुख्य रक्तवाहिनी जाते. जखम खोल असेल तर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, ती तिथपर्यंत पोचू शकते. अमेरिकेत रीस हॅमस्मिथ नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला सेल गिळून २०२० च्या डिसेंबरमध्ये गेली. सेल काढल्यानंतरही ती अनेक आठवडे हॉस्पिटलमध्ये लढत होती. तिच्या आईने लढा दिला आणि २०२२ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. म्हणून घरी आल्यावर लेकराने थोडंसं जरी रक्त ओकलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. ते पहिलं थोडं रक्त ही पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची खबर असू शकते.

हाच सेल नाकात घातला तर? तिथेही तासांतच पडद्याला भोक पडू शकतं. नाकात थेंब टाकू नका, पाणी मारू नका, ओल वाढली की वीज आणखी वाहते. कानाचंही तेच.

चुंबकाबद्दल थोडंच बोलते, कारण गोष्ट वेगळी आहे. एक चुंबक बहुधा निघून जातो. दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, की ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना पकडतात आणि मधला भाग दाबून मारतात. लक्षणं साध्या पोटदुखी-उलटीसारखी, तीही उशिरा. मूल खेळत असलं तरी त्याच दिवशी एक्स-रे. किती गिळले माहीत नसेल तर दोन समजा.

आणि आपल्याकडचा जुना शत्रू, बाटली. रॉकेल, फिनेल, संडास साफ करायचं ॲसिड, आणि कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात फवारणीचं औषध, तेही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं. इथे मध चालत नाही. मिठाचं पाणी पाजून ओकवणं तर नकोच. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त नुकसान करतं, आणि ओकताना ते तिकडेच जातं. ॲसिड वर येताना दुसऱ्यांदा भाजतं. भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, तोंड पुसा, बाटली लेबलासकट सोबत घ्या आणि निघा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. गाडीत बसून लावा, बाटलीवरचं नाव वाचून दाखवा. तेवढ्यासाठी गाडी थांबवू नका.

आमच्या घरी उरलेल्या सात पणत्या भावाने फेकल्या. फेकण्याआधी मी प्रत्येक सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायला सांगितली, कारण जुना सेल टेबलावर किंवा कचऱ्याच्या डब्यात सुटा राहिला की पुन्हा कोणाच्या तरी हाताला लागतो. भारतात २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पण पणती, वजनकाटा, गाडीची किल्ली ही खेळणी नाहीत. त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं का, नखाने उघडतं का, हे आज रात्री घरात फिरून स्वतः बघा. उघडत असेल तर चिकटपट्टी लावा, नाहीतर वस्तू वरच्या कपाटात.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी वाचते. चला, भेटू.