व्याज क्षणोक्षणी जोडलं तर?

एक लाख रुपये वार्षिक १२ टक्क्यांनी ठेवले. व्याज वर्षातून एकदाच जोडलं, तर १,१२,००० रुपये होतात. दरमहा १ टक्का जोडत गेलं, तर १.०१ चा बारावा घात, म्हणजे १,१२,६८२ रुपये ५० पैसे.

आणि क्षणोक्षणी जोडलं तर? रक्कम अमर्याद फुगेल असं वाटतं. पण तसं होत नाही. १६८३ मध्ये याकोब बर्नुली याच प्रश्नामागे लागला आणि त्याला मर्यादा सापडली. तीच आजची e, सुमारे २.७१८२८. तिचा ०.१२ वा घात घेतला की येतात १,१२,७४९ रुपये ६९ पैसे. मासिक चक्रवाढीपेक्षा जेमतेम ६७ रुपये जास्त! कारण नवी भर पडते ती केवळ महिन्याच्या आत साचलेल्या व्याजावरच्या व्याजाची. दहा वर्षांत मात्र हाच फरक सुमारे १,९७३ रुपयांवर जातो.