मे महिन्याच्या बाटल्या किती?

समजा, तुमचा कोकम सरबताचा घरगुती उद्योग आहे. गेल्या काही वर्षांच्या विक्रीचा कल सांगतो, की पुढच्या वर्षी महिन्याला सरासरी 1000 बाटल्या जातील. पण सरबत काही बारा महिने सारखं खपत नाही. मे महिन्याचा हंगामी निर्देशांक 220 असेल, तर अंदाज 2200 बाटल्यांचा. जुलैचा 40, म्हणजे जेमतेम 400. बाटलीमागे 120 रुपये धरले, की मे महिन्याचं विक्रीचं अंदाजपत्रक 2 लाख 64 हजारांचं होतं. बारा निर्देशांकांची बेरीज मात्र 1200 यायलाच हवी.

आणि जुनी वही नीट बघा. गेल्या मे महिन्यात 20 तारखेलाच माल संपला होता का? मग तो आकडा मागणीचा नव्हे, साठ्याचा आहे. परत गेलेली गिऱ्हाइकं धरल्याशिवाय निर्देशांक काढू नका.