सुटलेली गोळी आणि सात दिवसांचा हिशेब

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळी आठवड्याला बदलते, आणि तिच्याबरोबर झोपेची व जेवणाची वेळही. अशा घरात रोजची गर्भनिरोधक गोळी विसरली जाणे ही निष्काळजीपणाची खूण नाही. माझा मुद्दा मात्र विसरण्यापलीकडचा आहे. पाकिटाच्या मध्यावर एकदोन गोळ्या सुटल्या तर होणारा धोका बहुधा लहान असतो. तो वाढतो आपण घाबरून पुढे जे करतो त्याने. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन किंवा दुकानातली माला-डी घ्या. पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. पहिल्या एकवीस संप्रेरकांच्या, शेवटच्या सात तपकिरी गोळ्या फक्त लोहाच्या. ओळीने सात संप्रेरक गोळ्या पोटात गेल्या की बीजकोश शांत होतो आणि स्त्रीबीज बाहेर पडत नाही. लोहाच्या सात दिवसांत तो पुन्हा जागा होऊ लागतो, पण सात दिवसांत त्याची तयारी पुरी होत नाही, म्हणून तेवढी सुट्टी चालते. खरा धोका आहे ही सुट्टी लांबण्यात. म्हणून किती गोळ्या सुटल्या याइतकेच, त्या लोहाच्या ओळीपासून किती जवळ सुटल्या हे महत्त्वाचे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एकीने सोमवारी पाकीट सुरू केले आणि ती रोज रात्री नऊला गोळी घेते. पहिल्या दहा गोळ्या नीट झाल्या. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारची अकरावी आणि शुक्रवारची बारावी सुटली, आणि शनिवारी रात्री नऊला लक्षात आले. आता तिने शेवटची सुटलेली, म्हणजे बारावी, आणि आजची तेरावी अशा दोन गोळ्या घ्याव्यात. अकरावी टाकून द्यावी. सुटलेल्या सगळ्या एकदम गिळल्याने संरक्षण भरून निघत नाही, मळमळ मात्र वाढते. पुढे नेहमीच्या वेळी रोज एक. सलग सात संप्रेरक गोळ्या होईपर्यंत, म्हणजे तेराव्या ते एकोणिसाव्या गोळीपर्यंत, निरोध वापरावा किंवा संबंध टाळावा. आधी सलग दहा गोळ्या झालेल्या असल्याने सहसा तातडीच्या गोळीची गरज पडत नाही. एकच गोळी सुटली असेल, तर आठवताक्षणी ती घ्यावी आणि पुढची वेळेवर. त्या दिवशी दोन होतात, पण निरोधाची गरज नाही.

येथे कुणी विचारील, की जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात जादा काळजी तीन गोळ्या सुटल्यावर सांगितली आहे, मग दोनवरच सावध का व्हायचे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था दोन गोळ्यांवर, म्हणजे अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, सावध करते. बदलत्या पाळीत नेमकी कधीची गोळी सुटली हे आठवत नसते. तेव्हा कडक नियम पाळण्याची किंमत म्हणजे सात दिवसांचा निरोध, आणि ती मला परवडणारी वाटते.

हीच चूक अठराव्या-एकोणिसाव्या गोळीला झाली तर हिशेब बदलतो. विसाव्या दिवशी आठवले तर एकोणिसावी व विसावी घ्यायची, दुसऱ्या दिवशी एकविसावी; पण पुढे लगेच लोहाची सुट्टी आली तर बीजकोशाला दोन मोकळे काळ पाठोपाठ मिळतात. म्हणून लोहाच्या सातही गोळ्या टाकून द्याव्यात, एकविसावीच्या दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. त्या महिन्यात पाळी येणार नाही, त्याने बिघडत काही नाही. उलट पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात दोन किंवा अधिक सुटल्या आणि मागच्या पाच दिवसांत निरोधाविना संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल विचारावेच. ती जितकी लवकर, बहात्तर तासांच्या आत, तितकी उपयोगी.

सर्वांत जास्त फसवते ते रक्त. गोळ्या सुटल्यावर दोनतीन दिवसांत डाग दिसतात, आणि बाई समजते की पाळी आली, आता थांबावे. थांबल्याने मोकळा काळ लांबतो. डाग दिसले तरी गोळी चालूच ठेवायची. दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा. १९५४ साली ज्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथेही ही भीती ऐकू येते; पण साध्या प्रतिजैविकाने गोळी सुटल्यासारखी निकामी होत नाही. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन मात्र ती कमकुवत करते, आणि तेव्हा वेगळे साधन हवे.

वेळ ठरवायची तर सायंकाळी पाचच्या सुमाराची ठरवावी. पहिल्या पाळीची बाई तेव्हा घरी असते, दुसरीची कामावर चहाच्या सुट्टीच्या आसपास, तिसरीची जागी झालेली. पाकीट पिशवीत असले की पुरे. आठवड्याची ‘छाया’ गोळी वेगळी, तिला हे नियम लावू नयेत. आणि लोहाच्या दिवसांत रक्तस्राव झालाच नाही, तर निरोधाविना आलेल्या शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करावी. तोवर गोळ्या थांबवण्याचे कारण नाही. गर्भ राहिलेला असला तरी या गोळ्यांनी त्याला इजा होते असे आढळलेले नाही.