मेथीचा कडूपणा आणि रोजचा चमचा
(संस्थेच्या महिला मंडळाच्या आरोग्यविषयक बैठकीत केलेले भाषण)



मी कितीतरी वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहिले. आता निवृत्त झाले, तरी लिफ्टमध्ये प्रश्न चुकत नाहीत. सध्याचा प्रश्न एकच आहे: "काकू, मेथीदाणे रोज खाल्ले तर चालतात ना?" उत्तर देण्याआधी आमच्याच घरात काय घडलं ते सांगते.

आमच्या ह्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये कोणीतरी सांगितलं म्हणून रात्री भिजवलेली चमचाभर मेथी खायला लागले. साखर थोडी उतरली. मग हे म्हणाले, "कडू आहे म्हणजे गुणकारी आहे," आणि मला न सांगता दिवसाला तीन शिगोशीग चमचे मेथीपूड सुरू केली. भातही सोडला. गोळी मात्र तेवढीच. तिसऱ्या आठवड्यात एकदा जेवणाआधी दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, विनाकारण माझ्यावर चिडले. ग्लुकोमीटर लावला तर ५८! लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. १५ मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८४ आली. मग पोळीभाजी वाढली. डॉक्टरांनी वहीतले आकडे बघून गोळीचा डोस कमी केला. दोष एकट्या मेथीचा नव्हता. मेथी, कमी जेवण आणि पूर्ण गोळी या तिघांनी मिळून साखर खाली ओढली.

आता तो कडूपणा. मेथीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात आणि ट्रायगोनेलिन असतं. कडू चव मुख्यतः त्यांची. कीड आणि जनावरांनी दाणा खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ही राखण आहे. पण साखर सावकाश चढवण्याचं मोठं काम करतो तो मेथीतला चिकट तंतू, गॅलॅक्टोमॅनन. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो, तोच हा. पोटात त्याची खीर होते आणि अन्नातली साखर हळूहळू रक्तात जाते. या तंतूला स्वतःची चव जवळपास नाहीच. म्हणजे जितकं कडू तितकं औषध, हा हिशोब चुकीचा आहे. आणि नुसतं पाणी पिऊन दाणे फेकून देणारे तर बराचसा तंतूच फेकून देतात!

म्हणून कडूपणा कमी केला तरी बिघडत नाही. दाणे भिजवून मोड आणले की चव सौम्य होते. मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजले तरी कमी होते. काळे पडले तर मात्र उलट जास्त कडू लागतात. लोणच्याची मेथी तळताना हे आपण सगळ्याजणींनी अनुभवलंय. मेथीच्या लाडवांची पूड आपल्या सासवा आधी तुपात भिजवून ठेवायच्या, त्याचं कारणही हेच.

रोज खावी का? फोडणीत, मेतकुटात, डोशाच्या पिठात जेवढी जाते, तेवढी निर्धास्त खा. एक सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम, तेवढी भिजवलेली मेथी बहुतेक निरोगी माणसांना चालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या अभ्यासांत मधुमेहींना दिवसाला २५ ग्रॅम आणि त्याहूनही जास्त मेथी दिली गेली, पण ती देखरेखीखाली, साखर मोजत. घरी कोणाचं ऐकून तेवढी घेऊ नका. सुरुवातीला पोट फुगतं, जुलाब होतात, त्यामुळे अर्ध्या चमच्यापासून सुरू करा. कोरडे दाणे घोटभर पाण्याबरोबर गिळू नका, ते फुगतात. घामाला पाकासारखा गोडसर वास आला तर घाबरू नका, तो मेथीतल्याच सोटोलोन नावाच्या द्रव्याचा असतो.

आता कोणी थांबायचं? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजची मेथी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं आणि पहिले काही आठवडे साखर वारंवार मोजावी. रक्त पातळ करण्याच्या गोळीवर असाल तरी आधी विचारा. गरोदर सुनांना, लेकींना चमच्याने मेथी देऊ नका, फोडणीतली चालते. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असेल तर जपून, कारण मेथी त्याच कुळातली आहे.

आमचे हे अजूनही मेथी खातात. सपाट एक चमचा, मोड आणलेली, दह्यातल्या कोशिंबिरीत. साखरेची वही फ्रिजवर टांगलेली असते आणि आता चमचा मी मोजते.