तूप खवट होते ते कुठे?

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात म्हशीच्या दुधाचे तूप घरोघरी कढवले जाते आणि पावसाळ्यात बरणी उघडली की पुष्कळदा खवट वास येतो. दोष हवेला दिला जातो. समुद्राकाठची हवा दमट आहे हे खरेच, पण माझे म्हणणे असे की तूप बहुधा चुलीवरच बिघडलेले असते. हवा ते नुसते उघडकीला आणते. एक किलो घरगुती लोण्यात साधारण पाव भागापर्यंत पाणी आणि ताकाचा अंश असतो. ते पाणी तुपात राहिले की स्निग्धांश फुटतो आणि आंबूस, खवट वास सुटतो. म्हणून लोणी आधी गार पाण्याने दोन-तीनदा धुवा, धुतलेले पाणी नितळ दिसेपर्यंत. ताक राहिले तर बेरी जास्त होते आणि लवकर करपते.

आता कढवण्याकडे येऊ. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर लोणी वितळले की मोठा फेस येतो आणि तडतड ऐकू येते. हा पाण्याचा आवाज आहे. तो असेपर्यंत उष्णता शंभर अंशांच्या आसपासच घुटमळते. आवाज मंदावला, फेस खाली बसला, तूप पारदर्शक होऊन तळ दिसू लागला की आच बारीक करा आणि ढवळत राहा, कारण इथून उष्णता भराभर चढते. मग बारीक बुडबुड्यांचा दुसरा फेस येतो आणि तळाची बेरी सोनेरी होते. विड्याचे पान टाकले तर ते आवाज न करता कुरकुरीत व्हायला हवे. पान तडतडले तर ते पानातलेही पाणी असू शकते, म्हणून आवाज थांबेपर्यंत थांबा. बेरी फिकट बदामी असतानाच पातेले उतरवा. तापलेले बूड तिला आणखी एक छटा चढवते.

कोणी म्हणेल, फिकट उतरवलेले तूप जास्त शुद्ध. तसे नाही, त्यात पाणी राहण्याचा धोका अधिक. उलट कोणी म्हणेल, चांगले तांबूस कढवले तर जास्त टिकते. यात तथ्य आहे: बेरी भाजताना तयार होणारे काही घटक तुपाला हवेपासून जपतात. पण बेरी काळपट झाली की करपट वास तुपात मुरतो, तो गाळून जात नाही. सोनेरी-बदामी हीच योग्य मर्यादा.

तूप कोमट असताना कोरड्या गाळणीने गाळा, बेरी मागे ठेवा. गरम तुपावर झाकण लावू नका, वाफेचे थेंब परत आत पडतात. गार होईपर्यंत कोरडे फडके पुरे. नंतर काचेच्या किंवा स्टीलच्या, उन्हात वाळवलेल्या लहान बरण्या काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे टाळा, कारण तांब्यामुळे खवटपणा लवकर येतो. बरण्या उजेडापासून दूर ठेवा. फ्रिजमध्ये ठेवले की प्रश्न मिटला असे वाटेल. पण गार बरणी वारंवार बाहेर काढून उघडली तर आत दव धरते. रोजच्या वापराची छोटी बरणी बाहेर ठेवा आणि तिच्यात ओला चमचा कधीही घालू नका.