चारच्या चहाचा हिशेब

"मला चहाचा काही त्रास नाही, रात्री पिऊनही मी ढाराढूर झोपतो," असं सांगणारे घरोघरी असतात. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. ज्यांची झोप चहाने उघड उघड उडते, ते आपले आपणच जपून पितात.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे संध्याकाळनंतर डोळे जड होऊ लागतात. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच्या जागा आधीच अडवून ठेवतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशा. अ‍ॅडेनोसिन तसंच ताटकळत राहतं आणि आपल्याला तरतरी वाटते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. उरलेल्याचं निम्मं उतरायला आणखी पाच.

आता रात्री अकराला झोपणाऱ्या माणसाचा हिशेब मांडू. आपल्या उकळलेल्या चहाच्या एका कपात पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. साडेचारला कचेरीत एक कप झाला, सहाला घरी आल्यावर दुसरा. अकराला दिवा मालवताना पहिल्यातलं वीस आणि दुसऱ्यातलं पंचवीस शिल्लक आहे, म्हणजे जवळजवळ अख्खा कप चहा पिऊनच आपण आडवे होतो. त्यांतला एक कप दुपारी दोनला घेतला असता, तर त्यातलं चौदा-पंधराच उरलं असतं. कॉफीचा आकडा याहून मोठा असतो.

तरी झोप लागते, हे खरं. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिलेल्या लोकांची झोप यंत्राने मोजली. ती तासाभराहून अधिक कमी भरली, पण त्यांच्या स्वतःच्या नोंदींत हा फरक नीटसा उमटलाच नाही. मात्रा आपल्या दोन कपांच्या कितीतरी पट होती, हे मान्य. पण झोपेच्या बाबतीत झोपणाऱ्याचीच साक्ष कच्ची असते, एवढं त्यातून दिसतं. म्हणून कप मोजायचे.

भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन्सिल बांधून ठेवा. दोनच्या आधीच्या कपाला उभी रेघ, नंतरच्याला फुली. टपरीवरचं कटिंग अर्धं धरा. ग्रीन टी आणि कोला यांतही कॅफिन असतं, तेही मोजा. खूण पिताक्षणी करायची, बाहेर असाल तर फोनमध्ये. रात्री आठवून लिहायला बसलं की नेमका पाहुण्यांसोबत घेतलेला चहा गळतो. रविवारी दोन बेरजा करा. समजा एकूण एकतीस कप झाले आणि त्यांतल्या तेरा फुल्या. पुढच्या आठवड्यात एकूण एकोणतीस आणि फुल्या पाच. दोनच कप कमी झाले म्हणून खट्टू होऊ नका, झोपेच्या दृष्टीने आठवडा बराच पालटला आहे.

चहा थांबवायची आठवण म्हणून फोनवर गजर लावतात, तो बहुतेक जण दोनचा लावतात. दोनला हातात कप कुणाच्या असतो? जेवण होऊन पेंग आलेली असते. एक गजर दीडचा हवा, राहिलेला शेवटचा चहा घ्यायला. दुसरा पावणेचारचा, कारण चारला किटली फिरते आणि नाही म्हणवत नाही. त्या गजराला "चहा नको" असं नाव देऊ नका. "ताक" किंवा "कोकम सरबत" असं लिहा, आणि ते डब्यासोबत नेलेलंही असू द्या. खरी तल्लफ पुष्कळदा उठून चार पावलं चालण्याची आणि गप्पांची असते.

एकदम सगळं तोडायला जाल, तर दुसऱ्या दिवशी डोकं धरेल. तीन-चार दिवसांनी एकेक फुली कमी करा. दोनची वेळ सगळ्यांना सारखी लागू नाही. गरोदरपणात, तसंच गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॅफिन फार सावकाश उतरतं, अशा स्त्रियांनी सकाळीच थांबलेलं बरं. सिगारेट ओढणाऱ्याचं लवकर उतरतं. त्यामुळे सिगारेट सोडली की रोजचाच चहा अंगात जास्त वेळ टिकतो, आणि झोप बिघडल्याचं सगळं खापर मात्र सिगारेट सोडण्यावर फुटतं.

फुल्यांच्या शेजारी रात्री किती वेळा जाग आली तो आकडाही लिहीत चला. तीन आठवडे फुली नाही आणि तरीही पहाटे तीनला डोळे उघडतात, घरचे घोरण्याची तक्रार करतात, असं असेल तर कारण चहाबाहेरचं आहे. डॉक्टरांकडे जा, आणि जाताना कॅलेंडरचं ते पान सोबत न्या.